वाढत्या अंगाची भेट

पहिल्या वाढदिवसानंतर पंधरा-वीस दिवसांनी त्या घरी जाऊन आलं की भेटींचं काय होतं ते कळतं. मोठा टेडी पलंगाखाली गेलेला असतो. गाणी म्हणणारी, दिवे लावणारी मोटार सेल काढून कपाटावर ठेवलेली असते, कारण तिच्या आवाजाने बाळ दचकतं आणि घरातली माणसं त्रासतात. चमचमत्या जाळीचे तीन-चार फ्रॉक पिशवीतून बाहेरही आलेले नसतात. आणलेलं सगळं चांगल्या मनाने आणलेलं असतं, पण ते वाढदिवसाच्या संध्याकाळसाठी निवडलेलं असतं. खोक्याचा आकार, रंग आणि फोटोत कसं दिसेल हे पाहून घेतलेली वस्तू त्या संध्याकाळीच तिचं काम संपवते.

वर्षाच्या बाळाला भेट देताना पाहायला हवीत ती त्याची पुढची दोन-तीन वर्षं. या काळात मूल जितक्या वेगाने बदलतं तितकं नंतर बदलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांप्रमाणे एक वर्षाच्या मुलीची सरासरी लांबी 74 सेंटिमीटर असते आणि मुलाची साधारण 76. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत दोघंही जवळजवळ 12 सेंटिमीटरने वाढतात. आज धरून धरून चालणारं बाळ दीड वर्षाचं होईपर्यंत घरभर पळत असतं, आणि तीन वर्षांचं झालं की चप्पल स्वतःची स्वतः घालायचा हट्ट धरतं. म्हणून कोणतीही वस्तू हातात घेतली की मी तिला एकच प्रश्न विचारते : हे मूल दीड वर्षाचं, दोन वर्षांचं, तीन वर्षांचं झाल्यावर या वस्तूचं काय करेल? तिन्ही वेळी काही तरी उत्तर मिळालं तर ती वस्तू घ्यावी.

कपड्यांपासून सुरुवात करू, कारण सगळ्यांत जास्त तेच येतात. आपल्याकडे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ घ्यायची रीत जुनीच आहे, आणि ती बरोबरही आहे. पण नुसतं एक माप मोठं घेऊन भागत नाही. कपडा कोणत्या ऋतूत अंगावर चढणार आणि त्या वेळी मूल किती महिन्यांचं असणार, हे दोन्ही मिळून बघावं लागतं. समजा वाढदिवस 20 नोव्हेंबरला आहे. तुम्ही मऊ सुती झबली किंवा बिनबाह्यांचे फ्रॉक घेताय, म्हणजे ते मार्च ते मे या महिन्यांत घातले जाणार. तेव्हा बाळ सोळा ते अठरा महिन्यांचं असेल. मग त्यावरचं माप 18 ते 24 महिन्यांचं हवं. रेनकोट घेताय तर तो जूनमध्ये लागणार, त्या वेळी वय एकोणीस महिने. आतल्या कपड्यांसाठी जागा ठेवून दोन वर्षांचा घ्यावा. स्वेटर मात्र आत्ताच्याच थंडीत घालायचा असेल तर फार मोठा घेऊ नये. बाह्या हातावरून खाली लोंबायला लागल्या की धरून चालणाऱ्या बाळाची पकड सुटते. पुढच्या थंडीसाठी घेताय तर मूल तेव्हा दोन वर्षांचं झालेलं असेल, म्हणून माप दोन ते तीन वर्षांचं. ‘एक वर्ष’ असं लिहिलेला कपडा पहिल्या वाढदिवसाला देणं म्हणजे बहुतेक वेळा महिन्या-दीड महिन्यासाठी देणं.

मापाइतकंच महत्त्व गळ्याला आहे. वर्षाच्या मुलाचं डोकं त्याच्या अंगाच्या मानाने मोठं असतं, त्यामुळे अरुंद गळ्याचा कपडा डोक्यातून काढताना रोज रडारड होते. खांद्यावर टिचबटणं असलेला किंवा पुढून उघडणारा कपडा आईबाप पुन्हा पुन्हा काढतात. पायजम्याला खाली दुमड असेल तर तीच दुमड सोडून तो आणखी चार-पाच महिने चालतो. जरीच्या आणि टिकल्यांच्या कपड्याला आतून हात लावून बघा. जिथे हाताला टोचतं तिथे बाळाच्या अंगावर रात्री लाल चट्टा उठतो. शिवाय टिकली सुटली की ती थेट तोंडात जाते. बूट तर पाय मोजल्याशिवाय घेऊच नयेत. या वयात पाय दोन-तीन महिन्यांत मापाबाहेर जातात, आणि नुकतं चालू लागलेलं मूल घरात अनवाणीच चांगलं चालतं.

आता खेळण्यांकडे येते. एकच खेळणं निवडायचं झालं तर मी लाकडी ठोकळे निवडेन, आणि तेही साधे, बिनरंगी, एका मापात कापलेले. ठोकळ्यांचं बाळाशी असलेलं नातं दर काही महिन्यांनी बदलतं. वर्षाचं बाळ ठोकळा आधी तोंडात घालतं, मग दोन हातांत दोन घेऊन एकमेकांवर आपटतं, मग डब्यात टाकतं आणि डबा पालथा करतं. हे टाकणं आणि पालथं करणं त्याला तासन्‌तास पुरतं. सव्वा वर्षाच्या आसपास ते एकावर एक ठोकळा ठेवतं. दीड वर्षाला तीन-चार ठोकळ्यांचा मनोरा होतो, दोन वर्षांपर्यंत सहाच्या आसपास, आणि याच सुमारास ठोकळे जमिनीवर ओळीने लावून आगगाडी निघते. तीन वर्षांचं मूल दोन ठोकळे अंतरावर ठेवून त्यांच्यावर तिसरा आडवा टाकतं आणि पूल करतं. मुलांचे डॉक्टर विकास तपासताना लहान ठोकळे पुढे ठेवतात ते यासाठीच. आणि चार-पाच वर्षांचं मूल घर बांधतं, गाडीला गॅरेज करतं, अर्धे दोन जोडले की एक पूर्ण होतो हे आपलं आपण शोधून काढतं.

हे शेवटचं घडायला मात्र ठोकळे प्रमाणात असावे लागतात. अमेरिकेत कॅरोलाइन प्रॅट या शिक्षिकेने शंभर वर्षांपूर्वी ‘युनिट ब्लॉक’ नावाचे ठोकळे तयार केले. जगभरच्या बालवाड्यांत आजही ते दिसतात. त्यांचं सगळं मर्म एका प्रमाणात आहे : जाडीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी. म्हणजे चार ठोकळे आडवे रचले की उंची एका उभ्या ठोकळ्याइतकी होते, आणि दोन शेजारी ठेवले की रुंदी एका लांबीइतकी. दुकानातल्या स्वस्त रंगीत संचांत हे प्रमाण बहुधा नसतं. तिथे प्रत्येक आकार दिसायला वेगळा असतो, पण एकमेकांशी जुळत नाही, आणि तीन वर्षांच्या मुलाने बांधायला घेतलेलं घर एका बाजूने खाली राहतं.

हा संच गावातल्या सुताराकडून सहज करून घेता येतो. सुताराच्या इंचांत सांगायचं तर पट्टी दीड इंच रुंद आणि पाऊण इंच जाड, रंधा मारून झाल्यानंतरचं माप. तिच्यातून तीन इंच लांबीचे बारा ठोकळे कापायचे, हे मूळ माप. दीड इंचाचे आठ, हे अर्धे. सहा इंचांचे सहा, हे दुप्पट. सगळी लांबी मिळून सात फूट होते. करवतीच्या पात्याने खाल्लेलं लाकूड धरून आठ फुटांची एक पट्टी पुरते. लाकूड सागवान, शिसव किंवा बीच यांपैकी काहीही चालेल, फक्त भरीव हवं. प्लायवूड नको, त्याच्या कडेला चिपळ्या निघतात आणि थर डिंकाने चिकटवलेले असतात. दारं-खिडक्यांच्या कामातून उरलेल्या सागवानी पट्ट्या सुताराकडे पडलेल्या असतात, त्या मागून घेतल्या तर खर्च बराच कमी होतो. मात्र त्या जुन्या, रंग दिलेल्या नकोत. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, आणि हे ठोकळे वर्षभर तोंडात जाणार आहेत.

सुताराला एक गोष्ट आग्रहाने सांगावी लागते. प्रत्येक तुकडा पेन्सिलीने आखून कापला तर पात्याच्या जाडीमुळे कुठे धागाभर कमी, कुठे जास्त असं होतं. करवतीच्या टेबलावर एक ठोकळा आडवा ठोकून, पट्टी त्याला भिडवून कापली की सगळे तुकडे सारखे निघतात. संच हाती आला की तिथेच तपासा. दोन अर्धे ठोकळे टोकाला टोक लावून एका मूळ ठोकळ्याशेजारी ठेवा आणि टोकावरून बोट फिरवा. पायरी लागली तर परत द्या. मग चार ठोकळे आडवे रचून शेजारी एक उभा करा. उंची जुळली नाही तर जाडी चुकली आहे. कडा आणि कोपरे आधी जाड, मग बारीक पॉलिश पेपरने गोलसर करून घ्यायचे. वार्निश, पॉलिश, रंग काही नको. मळले की ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवायचे. पाण्यात भिजत टाकले तर लाकूड फुगतं आणि मापं बिघडतात.

हे सगळे सव्वीस ठोकळे वर्षाच्या बाळापुढे एकदम ओतायचे नाहीत. आधी सहा-आठ काढावेत आणि सोबत रुंद तोंडाचा स्टीलचा डबा द्यावा, कारण या वयात ठोकळ्याइतकंच महत्त्व डब्याला असतं. सहा इंचांचे लांब ठोकळे दीड वर्षापर्यंत आत ठेवलेले बरे. बाळ ते आपटतं आणि शेजारच्या भावंडाच्या कपाळाला लागतात. उरलेले कापडी पिशवीत घालून, चिठ्ठी लावून द्या. पुढच्या वाढदिवसाला त्याच सुताराकडून, त्याच मापाचे आणखी पंधरा-वीस द्या. एकाच मुलाला दर वर्षी तीच भेट वाढवून देणारा मामा किंवा आत्या मुलाच्या चांगली लक्षात राहते, आणि आईबापांच्या कपाटात नवी जागाही अडत नाही.

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा महागडी साधनं आणण्याऐवजी बिया, शिंपले, पानं, माती अशी भोवतालच्या निसर्गातली साधनं मुलांच्या हाती दिली. पुढे कोसबडलाही तेच केलं. मूल वस्तूबरोबर काय करू शकतं याकडे त्यांचं लक्ष होतं. सुताराकडचे हे ठोकळे मला त्याच वाटेवरचे वाटतात.

तयार खेळणं घेणार असाल तर दोन गोष्टी बघा. 1 जानेवारी 2021 पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआयची खूण लागते. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या खेळण्यांना त्यातून सूट आहे, त्यामुळे सावंतवाडीच्या किंवा चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यावर ती दिसली नाही तर घाबरायचं कारण नाही. तिथे रंग आणि सुटे भाग स्वतः तपासा. दुसरी गोष्ट बटणासारख्या चपट्या सेलची. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा आतून गंभीर भाजू शकतं. सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणं त्या घरात नेऊ नका. गाणं वाजवणाऱ्या शुभेच्छापत्रातही असाच सेल असतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

चाकं असलेला, ज्यात बाळाला मध्ये बसवतात तो वॉकर अजूनही भेट म्हणून येतो. तो देऊ नये, असं बालरोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत आहेत. त्यात बसलेलं बाळ पायाच्या बोटांनी रेटत जातं, तोल सांभाळायला शिकत नाही, आणि क्षणात जिन्यापर्यंत किंवा गरम चहाच्या कपापर्यंत पोचतं. कॅनडाने 2004 साली त्यांच्या विक्रीवर बंदीच घातली. आपला पांगुळगाडा याच्या अगदी उलट आहे : बाळ मागे उभं राहतं, दांडी धरतं आणि स्वतःच्या पायांवर भार घेऊन ढकलतं. जुन्या तीनचाकी पांगुळगाड्याचं आयुष्य मात्र थोडं, मूल चालायला लागलं की तो अडगळीत जातो. म्हणून पुढे उघडी पेटी असलेली चारचाकी ढकलगाडी घ्यावी. पहिले काही महिने पेटीत दोन-तीन किलो तांदळाची पिशवी ठेवायची. रिकामी गाडी हलकी असते. बाळ दांडीला धरून उठायला गेलं की ती त्याच्या अंगावर येते, नाहीतर फरशीवरून पुढे पळते आणि बाळ तोंडावर पडतं. पाय स्थिर झाले की तांदूळ काढा. मग त्याच पेटीत ठोकळे, बाहुल्या, कांदे-बटाटे यांची वाहतूक सुरू होते, आणि ती तीन वर्षांपर्यंत थांबत नाही.

आता एक अशी भेट सांगते, जी वाढदिवसाच्या टेबलावर कधी दिसत नाही आणि जिची गरज महाराष्ट्रातल्या लाखो घरांत रोज असते. बाळ दुचाकीवर पुढे उभं, किंवा आईबाबांच्या मध्ये झोपलेलं, हे दृश्य आपल्या सगळ्यांच्या सवयीचं आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2022 मध्ये मोटार वाहन नियमांत बदल केला, आणि तो वर्षभराने, 15 फेब्रुवारी 2023 पासून लागू झाला. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा सुरक्षा पट्टा हवा, डोक्यावर बसेल असं हेल्मेट हवं, आणि वेग ताशी 40 किलोमीटरपेक्षा जास्त नको, असं हा नियम सांगतो. पहिला वाढदिवस बरोबर या वयाच्या सुरुवातीला येतो आणि पट्टा पुढची तीन वर्षं उपयोगी पडतो.

पट्टा म्हणजे बाळाने घालायचं एक जाकीट असतं. त्याला जोडलेल्या दोन फितींचे फासे चालवणाऱ्याच्या खांद्यांवर येतात. नियमाप्रमाणे तो हलका, कमीजास्त करता येणारा, पाण्याने खराब न होणारा, आत फोम असलेला आणि 30 किलोपर्यंत वजन पेलणारा असावा. वर्षाच्या बाळाचं वजन साधारण नऊ-साडेनऊ किलो असतं, तेव्हा ताकदीची चिंता नसते. बघायचं ते लहान माप. दुकानात फिती पूर्ण आवळून पाहा. घरी नेल्यावर बाळाला घालून छाती आणि फीत यांच्यामध्ये दोन बोटं जेमतेम जातील इतकी आवळा. त्याहून सैल राहत असेल तर तो पट्टा या बाळाला आत्ता मोठा आहे. बकल लावून जोरात ओढून पाहा. पाठीमागचा भाग रुंद असावा, कारण गाडीच्या हेलकाव्याने बाळ झोपतं आणि त्याचं अंग एका बाजूला कलतं. अरुंद फितींमधून खांदा निसटतो.

हेल्मेट मात्र सरप्राइज म्हणून आणू नका. शिवणाच्या टेपने भुवयांच्या वर बोटभर अंतरावरून डोक्याचा घेर मोजावा लागतो. वर्षाच्या मुलीचा घेर सरासरी 45 सेंटिमीटर असतो, मुलाचा 46. पुढच्या वर्षभरात तो दोन-सव्वादोन सेंटिमीटरनेच वाढतो. म्हणजे अंगाच्या मानाने डोकं सावकाश वाढतं, आणि मागे चक्रीने आवळता येणारं हेल्मेट बरोबर मापाचं मिळालं तर ते दोन वर्षं सहज जातं. नियमात सायकलचं प्रमाणित हेल्मेटही चालतं, आणि ते मोटरसायकलच्या हेल्मेटपेक्षा हलकं असल्याने लहान मानेला सोसतं. बाजारातली बरीच लहान हेल्मेटं 46 किंवा 48 सेंटिमीटरपासून सुरू होतात. बाळाचं डोकं त्यात हलत असेल तर ते घालून उपयोग नाही. तोपर्यंत त्या बाळाला दुचाकीवर न नेणं हेच बरोबर. आणि हेही स्पष्ट सांगायला हवं की पट्टा बाळाला गाडीवरून पडू देत नाही, अपघातात मात्र तो पुरेसं संरक्षण देऊ शकत नाही. रिक्षा परवडत असेल, बस सोयीची असेल तिथे तीच घ्यावी.

ज्यांच्याकडे चारचाकी आहे त्यांच्यासाठी याच जातीची भेट म्हणजे मुलाची गाडीतली खुर्ची, कार सीट. ती एकट्याला महाग पडते. काका, मावशी, ऑफिसातले दोन मित्र मिळून घेतली तर सगळ्यांच्या लहान लहान भेटींपेक्षा तिचा उपयोग जास्त. घेताना पाठीमागे तोंड करून आणि पुढे तोंड करून, दोन्ही प्रकारे बसवता येणारी, निदान 18 किलोपर्यंत चालणारी घ्या. ती साधारण चौथ्या वर्षापर्यंत पुरते. या वयात मूल मागे तोंड करून बसलेलंच जास्त सुरक्षित असतं, त्यामुळे ‘वर्ष झालं, आता पुढे तोंड करू’ अशी घाई नको. आणि मागे तोंड असलेली खुर्ची एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीही लावायची नाही. ही वस्तू आईबापांना विचारूनच घ्यावी, कारण प्रत्येक गाडीत प्रत्येक खुर्ची नीट बसत नाही. गाडीत एकदा लावून, दोन्ही हातांनी ओढून, ती इंचभरापेक्षा जास्त हलत नाही हे पाहून मगच पैसे द्यावेत.

पुस्तकं द्यावीतच, पण कोणती ते वयावर ठरतं. वर्षाच्या बाळासाठी जाड पुठ्ठ्याची, गोल कोपऱ्यांची, एका पानावर एकच ठळक चित्र असलेली. बाळ त्यांचे कोपरे चावतं, दोन-तीन पानं एकदम उलटतं; एकेक पान उलटणं साधारण दोन वर्षांनी जमतं. चित्रं कावळ्याची, गाईची, कुकरची, रिक्षाची असली तर बाहेर दिसलेली वस्तू आणि पानावरची वस्तू यांची सांगड लवकर पडते. अशी दोन पुस्तकं आत्तासाठी आणि दोन पुढच्यासाठी द्यावीत. पुढच्यासाठी माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ मला फार आवडतं; त्यात नेहमीच्या घरातली नेहमीची माणसं आहेत आणि चित्रंही त्यांचीच आहेत. कागद पातळ असतो, म्हणून ते अडीच-तीन वर्षांपर्यंत वरच्या फळीवर ठेवायला सांगा.

परदेशातल्या घरासाठी एक पुस्तक तुम्हीच तयार करू शकता. आजी, आजोबा, आत्या, मामा, गावचं घर, अंगणातलं मांजर अशा दहा-बारा फोटोंची प्रत्येकी पोस्टकार्डाएवढी प्रत काढा, जाड लॅमिनेशन करा, कोपरे कात्रीने गोल करा आणि एका बाजूला दोन भोकं पाडून कापडी नाडीने सैलसर बांधा. नाडी वीतभरापेक्षा लांब नको. खाली मोठ्या अक्षरांत नाव लिहा : आजी, नाशिकची आत्या. दीड वर्षाचं मूल बोट दाखवतं, दोन वर्षांचं नाव घेतं, आणि व्हिडिओ कॉलवर आजी दिसली की ते पुस्तक घेऊन येतं. टपालखर्च धरूनही ही भेट स्वस्तात होते.

चांदीबद्दल थोडक्यात. वाळे-तोडे घरातल्या थोरांनी द्यायचे असतात आणि ते द्यावेत, पण घुंगरं ओढून पाहावीत. सैल घुंगरू बाळ दाताने काढतं. चांदीची वाटी आणि चमचा रोज वापरात राहतो, फक्त चमच्याची कड पातळ आणि धारेची नको. पैसे द्यायचे असतील आणि मुलगी असेल तर आईबापांनी उघडलेल्या सुकन्या समृद्धी खात्यात भरण्यासाठी म्हणून द्या आणि पाकिटावर तसं लिहा. खातं उघडण्याचा हक्क आईबापांचा किंवा पालकाचाच असतो, आणि ही रक्कम ती मोठी होईपर्यंत हाती येत नाही, हे देणाऱ्यानेही ध्यानात घ्यावं. घरात आत्ता पैशांची ओढ असेल तर साधं पाकीट जास्त उपयोगी पडतं.

राहिलं विचारणं. आपल्याकडे भेटीबद्दल आधी विचारायला संकोच वाटतो, आणि आईबापही ‘अहो, काही नको, तुम्ही आलात तेच खूप’ असंच म्हणतात. म्हणून ‘काय आणू?’ असं विचारू नये. ‘मी रेनकोट आणतेय, दोन वर्षांचा, आधी आहे का?’ असं नेमकं विचारलं की उत्तरही नेमकं मिळतं : ‘रेनकोट आहे गं आत्या, पण रात्री घालायचे पायजमे कमी पडतात.’ बिल खोक्यात घालून द्या, बदलून घेण्याची शेवटची तारीख त्यावर पेनाने ठळक करा, आणि वाढदिवसाच्या गडबडीत ती निघून जाणार असेल तर भेट चार दिवस आधीच पोचती करा.